रक्तातले हमाल: एक कार्टून मुलांसोबत कसं बघावं

'वन्स अपॉन अ टाइम... लाइफ' ही आल्बेर बारिये यांची १९८७ सालची फ्रेंच कार्टून मालिका. भाग २६, प्रत्येक साधारण २५ मिनिटांचा. शरीर हे जणू शहर. तांबड्या पेशी हमालांसारख्या पाठीवर ऑक्सिजनचे बुडबुडे वाहतात आणि पांढऱ्या पेशी पोलीस होऊन गस्त घालतात. तिसरी-चौथीतल्या मुलाला रक्ताभिसरण समजवायला रक्ताचा भाग घ्या. एका दिवशी एकच भाग पुरे.

आधी तो स्वतः बघून ठेवा, कारण इंग्रजी संवाद थांबवून मराठीत सांगावे लागतात. लावण्यापूर्वी मुलाला एकच काम द्या: बुडबुडा कुठे उचलला आणि कुठे उतरवला ते बघायचं. हमाल फुप्फुसातून निघाला की थांबवून विचारा, "आता हा कुठे जाईल?" उत्तर चुकलं तरी सुधारू नका, पुढचं दृश्य ते काम करतं. मात्र दर दोन मिनिटांनी थांबवलंत तर गोष्ट मरते. दोन-तीनदा बस्स.

भाग संपला की टीव्ही बंद करून नाडी मोजा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवायची. अंगठ्याने मोजायची नाही, त्यात स्वतःचेच ठोके जाणवतात. माझ्या भाचीचे बसून अर्ध्या मिनिटात ४४ ठोके झाले. मिनिटभर उड्या मारून लगेच मोजले तर ६५. का वाढले, हे तिनेच सांगितलं: "पायांना जास्त बुडबुडे हवेत, म्हणून हमालांना जास्त फेऱ्या!" आकडे भिंतीवर लिहायची तिची इच्छा मात्र मी कागदावर भागवली.

आता नाजूक भाग. अशा गोष्टींमुळे मुलांना वाटतं की पेशींना डोकं असतं, इच्छा असते. हे ओळखायला चित्र काढायला सांगा. पेशीला डोळे-हात आले तर हरकत नाही, पण शेजारी 'खरी' पेशी काढून घ्या: दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली चकती. तिला चेहरा नाहीच, पण पेशीचं केंद्रकही नाही. ती साधारण १२० दिवस टिकते. परतताना हमाल कार्बन डायऑक्साइड नेताना दिसतात. खरं तर त्यातला बराचसा रक्तातल्या पातळ द्रवात मिसळून जातो. हे मुलाने विचारलं तरच सांगा.

भाचीने विचारलं, "डोकं नाही, तर कुठे जायचं ते त्यांना कळतं कसं?" कळत नाहीच. हृदय ढकलतं आणि त्या वाहत जातात. जिथे ऑक्सिजन कमी असतो तिथे तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन तो सोडून देतं. "म्हणजे हमाल नाहीच, ओढ्यात सोडलेली होडी," ती म्हणाली.