वीस सेकंदांची जाहिरात: या चुका टाळा

एफएमवरचा स्पॉट असो, रिक्षावरच्या भोंग्याची घोषणा असो की व्हॉट्सअॅपवर फिरणारी ऑडिओ क्लिप, गावातल्या मैफलीची किंवा प्रदर्शनाची जाहिरात साधारण वीस सेकंदांची असते. आयोजक मजकूर पाठवतात, सोबत निरोप असतो, "फक्त वाचून द्या, सगळं लिहिलंय." सगळं लिहिलेलं असतं हीच पहिली अडचण. मजकूर कागदासाठी लिहिलेला असतो. तो निमंत्रणपत्रिकेवर शोभेल, कानावर टिकत नाही.

एक नमुना घ्या. नाट्यसंगीताची मैफल आहे, पुण्यात टिळक स्मारक मंदिरात. मंडळाकडून साधारण असा मजकूर येतो:

"सस्नेह नमस्कार! गेली पंचवीस वर्षे सांस्कृतिक क्षेत्रात कार्यरत असलेल्या आपल्या मंडळातर्फे सालाबादप्रमाणे यंदाही रसिकांच्या आग्रहास्तव नाट्यसंगीताच्या सुरेल मैफलीचे आयोजन करण्यात आले आहे. शनि. दि. 29/11 रोजी सायं. 6.30 वा. टिळक स्मारक, पुणे येथे. तिकीट दर रु. 300/-, 200/-. तरी जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहावे ही नम्र विनंती."

कागदावर हे चार ओळींत बसतं, म्हणून लहान वाटतं. आता मोठ्याने वाचा. "29/11" म्हणजे "एकोणतीस अकरा", "6.30 वा." म्हणजे "सहा वाजून तीस मिनिटांनी". आकडे आणि संक्षेप सोडवून मोजलं तर बोललेले शब्द पन्नास भरतात. भोंग्यावर किंवा रेडिओवर नीट कळेल अशा संथ मराठीत मी सेकंदाला दोन शब्दांचा हिशेब धरतो. म्हणजे वीस सेकंदांत चाळीस, आणि मध्ये श्वास घ्यायचा तर पस्तीसच. शिवाय तारीख येते ती बावीस शब्द उलटल्यावर. अर्धा वेळ संपला तरी ऐकणाऱ्याला कधी यायचं ते कळलेलं नाही, आणि तोवर रिक्षा पुढच्या चौकात गेली.

यावर नवशिक्यांचा उपाय ठरलेला आहे. मजकूर कापायचा नाही, आवाज पळवायचा. रेकॉर्डिंग एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून वेग वाढवायचा की पंचवीस सेकंदांचं वीसमध्ये बसतं. हेडफोन लावून ऐकताना ते ठीक वाटतंही, कारण मजकूर त्यांना आधीच पाठ असतो.

असं बसवलेलं एक काम मला चांगलं आठवतं. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी संगीत मंडळाचा कार्यक्रम होता, तारीख 29. मंडळातल्या एका उत्साही पोराने घरीच रेकॉर्ड केलं, वेग वाढवला, खाली तबला लावला आणि क्लिप रिक्षावाल्याला दिली. वार कुठेच नव्हता, नुसती "एकोणतीस तारखेला" एवढीच खूण. आता भोंग्याला मुळात व्यंजनं नीट सांभाळता येत नाहीत. त्यात बाजारपेठेतल्या दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आवाज आपटून परत येतो आणि मागचा शब्द पुढच्यावर चढतो. एकोणतीसमधला "त" त्यात गेला. उरलं एकोणीस.

एकोणीस तारखेला संध्याकाळी सभागृहाच्या दारात माणसं आली. आत लग्नाचं रिसेप्शन चाललं होतं. काही जण तर पंगतीच्या दिशेने निघाले होते, दारावरच्या मामांनी अडवलं. आयोजकांचा फोन रात्रीपर्यंत थांबला नाही. यातली निम्मी माणसं दहा दिवसांनी पुन्हा आली नाहीत, आणि मंडळाने खापर फोडलं ते रिक्षावाल्यावर. त्याचा बिचाऱ्याचा दोष इतकाच की त्याने दिलेला पेनड्राइव्ह लावला.

म्हणून माझी सवय: तारीख कधीच एकटी सोडायची नाही, सोबत वार हवाच. "शनिवार, एकोणतीस नोव्हेंबर." आकडा निसटला तरी वार उरतो, वार निसटला तरी आकडा उरतो. तारीख एकोणीस किंवा एकोणतीस असेल आणि वेळ उरत असेल तर मी आणखी एक टेकू देतो, एकोणीसला "महिन्याचा तिसरा शनिवार", एकोणतीसला "महिन्याचा शेवटचा शनिवार". वेळेतही हाच धोका आहे. भोंग्यावर सहा आणि दहा, सात आणि साठ ही जवळची भावंडं. "संध्याकाळी साडेसहा" म्हटलं की रात्री दहाची शंका आपोआप मिटते. आणि लिहिताना आकडा अक्षरांत लिहायचा, स्वल्पविराम देऊन. "29/11" लिहिलं की वाचणारा त्याच्या मनाला येईल तसं वाचतो, आणि कागदावर लांबी लपते ती वेगळीच.

वर दिलेला मजकूर मी असा करीन:

"नाट्यसंगीताची मैफल. शनिवारी, एकोणतीस नोव्हेंबरला, संध्याकाळी साडेसहा वाजता. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात. तिकिटं तीनशे आणि दोनशे रुपये. नाट्यगृहाच्या खिडकीवर, सोमवारपासून, रोज संध्याकाळी पाच ते आठ. पुन्हा सांगतो, शनिवार, एकोणतीस नोव्हेंबर, साडेसहा, टिळक स्मारक मंदिर."

पस्तीस शब्द. खिडकीची वेळ इथे उदाहरणापुरती आहे, ती नाट्यगृहात फोन करून विचारूनच घालावी. माणूस दुपारी दोनला गेला आणि खिडकी बंद मिळाली तर तो घरी जाऊन चार जणांना सांगतो की तिकिटं संपली. तारीख, वेळ आणि जागा शेवटी पुन्हा आलीच पाहिजे, कारण निम्मे लोक "मैफल" हा शब्द कानावर पडल्यावर लक्ष द्यायला लागतात. पुनरुक्तीसाठी जागा नाही म्हणणारे आयोजक "सालाबादप्रमाणे"साठी मात्र जागा काढतात. मंडळाचं नाव हवंच असेल तर नुसतं नाव घ्या, पंचवीस वर्षांचा इतिहास स्मरणिकेत छापा. आणि ते "जास्तीत जास्त संख्येने" तर उडवाच, एकटा माणूस जास्तीत जास्त संख्येने कसा येणार?

आता तिकीट. इथे लोक शब्दांशी इतके खेळतात की ऐकणाऱ्याला काहीच कळू नये अशीच इच्छा असावी असं वाटतं. "देणगी प्रवेशिका दोनशे रुपये" हे त्यातलं माझं नावडतं. ऐकणाऱ्याला वाटतं, देणगी आहे म्हणजे ऐच्छिक आहे. तो दारात येऊन "यथाशक्ती देतो" म्हणतो आणि तिथे उभ्या असलेल्या कार्यकर्त्याशी त्याची जुंपते. हिशेबासाठी तो शब्द हवा असेल तर छापील प्रवेशिकेवर ठेवा. बोलताना म्हणा, "तिकीट दोनशे रुपये." तसंच "प्रवेश विनामूल्य". हे म्हटल्यावर माणूस सरळ कार्यक्रमालाच येतो, आणि दारात कळतं की प्रवेशिका आधीच घ्यायची होती आणि पहिल्या काही रांगा निमंत्रितांसाठी राखीव आहेत. म्हणायचं असं, "प्रवेश मोफत, पण पास लागेल", आणि लगेच पास कुठे मिळेल ते एका दुकानाच्या नावाने. चार दुकानं सांगू नका. एकही लक्षात राहत नाही.

मोबाईल नंबर सांगायचा हट्ट सोडा. दहा आकडे संथ वाचायला पाच-सहा सेकंद जातात, लिहून घ्यायला रस्त्यावर कुणाकडे पेन नसतो, आणि दुसऱ्यांदा सांगायचा तर जाहिरातच संपली. नंबर पोस्टरवर. ऑनलाइन तिकीट असेल तर अॅपचं नाव आणि कोणत्या नावाने शोधायचं तेवढं सांगा. लिंक वाचून दाखवणारेही भेटलेत, त्यांच्याविषयी काही बोलत नाही.

जागेचं नाव पूर्ण घ्या. "कालिदासमध्ये" म्हटलं की नाशिककराला शालिमारजवळचं महाकवी कालिदास कलामंदिर आठवतं, मुलुंडकराला आपलं कालिदास नाट्यमंदिर. रिक्षा गावाबाहेर जात नाही, पण क्लिप जाते. एकाच आवारात दोन जागा असतील तर आणखी जपा. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारातच कलादालन आहे. चित्रांचं प्रदर्शन असताना नुसतं "बालगंधर्वला" म्हटलं तर लोक नाट्यगृहाच्या दारात नाटकाच्या रांगेत उभे राहतात. "बालगंधर्वचं कलादालन" एवढ्याने काम होतं.

प्रदर्शनाच्या जाहिरातीत चार आकडे ओळीने येतात हीदेखील नेहमीची खोट. "एक ते पाच, अकरा ते आठ" यातले दिवस कोणते आणि तास कोणते? मी तारखा वारांत फोडतो. "सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत", आणि मग "एक डिसेंबरपासून". शेवटच्या दिवशी वेळ कमी असेल तर तेही सांगावं लागतं, कारण नेमके त्याच दिवशी सगळे येतात.

"येत्या शनिवारी" आणि "उद्या" हे शब्द क्लिपमध्ये घालू नका. क्लिप कुठल्या दिवशी कोण ऐकेल ते तुमच्या हातात नाही. "उद्या" असं म्हणणारी क्लिप कार्यक्रम होऊन गेल्यावरही फॅमिली ग्रुपवर फिरत असते. रेडिओला किंवा रिक्षाला द्यायचं असेल तर मी दोन वेगळी रेकॉर्डिंग करतो, एक तारखेचं आणि एक फक्त कार्यक्रमाच्या दिवसाचं, "आज संध्याकाळी" असं सांगणारं. फाइलच्या नावातच "फक्त शनिवारी लावा" लिहितो. तरीही एखादा ते गुरुवारी लावतो.

गेल्या वर्षीची फाइल काढून तारीख बदलणं बंद करा, जुनं नाट्यगृह त्यात राहून जातं.

खाली लावलेलं संगीत बोलण्याच्या वेळी जवळजवळ ऐकू येऊ नये इतकं हळू असावं. प्रतिध्वनीचा इफेक्ट तर नकोच, भोंगा तो फुकट देतो.

रेकॉर्ड झाल्यावर मी ती क्लिप शेजारच्या काकूंना एकदाच ऐकवतो, मोबाईलच्या स्पीकरवर, त्या भाजी निवडत असताना. मग विचारतो, कधी, कुठे, कितीला, तिकीट कुठे मिळेल. एखादं उत्तर चुकलं की दोष काकूंचा नाही. पुन्हा ऐकवायचं नाही, मजकूर बदलायचा. घरातल्या माणसांवर ही परीक्षा चालत नाही, त्यांनी तालमी ऐकलेल्या असतात.

आणि कार्यक्रम झाला की त्याच रात्री रिक्षावाल्याला फोन करून पेनड्राइव्ह काढायला सांगा. नाहीतर सोमवारी सकाळी तो भाजी मंडईच्या जाहिरातीआधी एकदा तुमची मैफल वाजवतोच.