नाशकात ईआरपीची नोकरी शोधताय? रेझ्युमेत गो-लाइव्हची ओळ नीट लिहा

नाशकात नव्याने आलेल्या कन्सल्टंटचा रेझ्युमे बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या मोठ्या आयटी कंपन्यांसाठी बेतलेला असतो. वर मॉड्यूलांची लांबलचक यादी आणि खाली प्रत्येक प्रोजेक्टला तेच ते वाक्य, ‘गो-लाइव्हची जबाबदारी सांभाळली.’ इथे सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यात मुलाखत घ्यायला बऱ्याचदा स्टोअरचा किंवा अकाउंट्सचा माणूसही बसतो. त्याने जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये जाण्याचा त्रास स्वतः भोगलेला असतो. तो थेट विचारतो, ‘ओपनिंग स्टॉक कोणी चढवला? जुळला का?’

मॉड्यूल लिहिताना एक मुख्य ठेवा आणि बाकीच्यांशी जिथे सांधा जुळतो तेवढंच सांगा. ‘एमएम, एसडी, पीपी, एफआय’ अशी सरसकट यादी दिली की वाचणारा काहीच खरं धरत नाही. ‘एमएम मुख्य, पीपीशी जॉबवर्कपुरता आणि एफआयशी स्टॉकच्या खात्यांपुरता संबंध’ हे पटतं. टप्प्यांचंही तसंच. सॅप अ‍ॅक्टिव्हेटमध्ये प्रिपेअर, एक्स्प्लोअर, रिअलाइज, डिप्लॉय, रन असे टप्पे आहेत. त्यातल्या ज्या टप्प्यात तुम्ही आलात तिथूनच लिहा. रिअलाइजच्या मध्यावर जॉइन झालात तर एक्स्प्लोअरमधल्या फिट-टू-स्टँडर्ड बैठकांचं श्रेय घेऊ नका, दुसऱ्याच प्रश्नाला पकडले जाल. इम्प्लिमेंटेशन, रोलआउट आणि सपोर्ट हे तिन्ही वेगळे दाखवा.

ग्राहकाचं नाव करारामुळे लिहिता येत नसेल तर उद्योग नेमका लिहा. ‘मॅन्युफॅक्चरिंग’ म्हणजे काहीच नाही. ‘ऑटोचे सुटे भाग, दोन प्लांट, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट बाहेरून’ एवढं वाचलं की अंबडच्या माणसाला आपलाच कारखाना दिसतो. वाइनरीत काम केलं असेल तर बॅच आणि राज्य उत्पादन शुल्काचा हिशोब, द्राक्ष निर्यातीत केलं असेल तर माल कोणत्या बागेतला हे मागे शोधता येणं, हे शब्द यायला हवेत.

आता गो-लाइव्हची ओळ. समजा, अशाच एका कारखान्यात तुम्ही सॅप एमएमचा कटओव्हर केला. ओपनिंग स्टॉक 561 या मूव्हमेंट टाइपने चढतो. पण सगळा माल आपल्या गोदामात नसतो. काही प्लेटिंगवाल्याकडे पडलेला असतो. तो 561 नेच, पण स्पेशल स्टॉक O लावून आणि त्या व्हेंडरच्या नावावर चढवावा लागतो. O लावायचा राहिला तर सिस्टिममध्ये माल आपल्या गोदामात दिसतो आणि प्रत्यक्षात नसतो. मग आठवड्याभरात प्लेटिंग होऊन माल परत येतो, जॉबवर्क पीओवर जीआरएन करायला गेलं की 101 सोबत आपोआप होणारी 543 ची कपात अडते, कारण व्हेंडरच्या नावावर स्टॉक शून्य आहे. ट्रक गेटवर आणि स्टोअरवाला फोनवर, असा प्रसंग येतो.

दुसरी गफलत चलनाच्या तारखेची. जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो. ते वर्ष मूळ चलनाच्या तारखेपासून मोजतात, गो-लाइव्हच्या तारखेपासून नाही. म्हणून जुनी चलनं, त्यांच्या तारखा आणि शिल्लक नग वेगळ्या शीटमध्ये जपून आयटीसी-04 भरणाऱ्याच्या हाती द्यावे लागतात.

हे सगळं रेझ्युमेत दोन ओळींत बसतं:

‘कटओव्हर: 4,200 आयटमचा ओपनिंग स्टॉक चढवला, त्यात 18 जॉबवर्करकडचा माल व्हेंडरनिहाय, जुन्या चलनांच्या यादीशी नग जुळवून. चालू पीओ फक्त बाकी नगांचे आणले. स्टॉकचं मूल्य जुन्या ट्रायल बॅलन्सशी जुळवून क्लिअरिंग खातं शून्यावर आणलं.

गो-लाइव्हनंतर: चार आठवडे प्लांटवर सपोर्ट, पहिलं महिनाअखेर क्लोजिंग पूर्ण होईपर्यंत.’

आकडे अर्थातच तुमचे स्वतःचे घाला. क्लिअरिंग खात्याचा उल्लेख मात्र चुकवू नका. 561 ने स्टॉकच्या खात्यात डेबिट पडतं तेव्हा समोरची क्रेडिट या खात्यात जाते आणि अकाउंट्सवाले जुन्या शिलका आणताना त्याच खात्यातून ती संपवतात. तिथे रक्कम उरली असेल तर कुठेतरी दर किंवा नग चुकलाय. ‘शून्य किती दिवसांत झालं आणि फरक कशात निघाला?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच, तेव्हा रेझ्युमे पाठवण्याआधी त्या फरकाचं कारण जुन्या मेलमधून शोधून ठेवा.