अर्धशिशीसाठी बटरबर आणि फिव्हरफ्यू: ‘पीए-फ्री’ वाचून निर्धास्त होण्याची चूक आणि बाकीच्या

महिन्यात चार-पाच वेळा डोकं फुटायची वेळ आली आणि डॉक्टरांनी रोजची प्रतिबंधक गोळी सुचवली, की बरेच जण आधी ‘काहीतरी नैसर्गिक’ शोधतात आणि बटरबर किंवा फिव्हरफ्यू या वनस्पतींच्या गोळ्यांपाशी येऊन थांबतात. तिथून पुढच्या चुका इतक्या ठरलेल्या आहेत, की बाटलीचा फोटो पाहूनच कोणती चूक झाली असेल ते सांगता येतं.

‘पीए-फ्री’ म्हणजे लिव्हरला धोका नाही, असं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चूक करणारा माणूस निष्काळजी नसतो, उलट त्याने थोडंफार वाचलेलं असतं, म्हणून ती जास्त खटकते.

पीए म्हणजे पायरोलिझिडिन अल्कलॉइड. बटरबरचं झाड किड्यांपासून बचाव करण्यासाठी हे विष स्वतःच तयार करतं, आणि औषधासाठी बहुधा वापरलं जाणारं जमिनीखालचं खोड त्यातून सुटत नाही. पोटात गेलेलं अल्कलॉइड यकृतातली एन्झाइम्स आणखी घातक रूपात बदलतात. त्याने यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं अस्तर सोलवटतं आणि त्या बुजायला लागतात. यकृत सुजतं, पोटात पाणी साठतं, वजन अचानक वाढतं. हा परिणाम थोडा थोडा साठत जातो. म्हणून कच्चं खोड, त्याची साधी पावडर किंवा चहा कधीच घ्यायचा नाही, यावर दुमत नाही.

चांगले उत्पादक अर्क काढताना ही अल्कलॉइड्स वेगळी करतात आणि डब्यावर ‘पीए-फ्री’ छापतात. वाचणारा निर्धास्त होतो. पण जर्मनीत मायग्रेनसाठी वर्षानुवर्षं विकला गेलेला अर्क असाच शुद्ध केलेला होता. तरीही तो घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या सुमारे 40 नोंदी जमल्या आणि त्यातल्या दोघांवर यकृत प्रत्यारोपण करावं लागलं. प्रत्येक नोंदीत दोष बटरबरचाच होता का, यावर वाद झाले. पण नियामकांनी वाद मिटण्याची वाट पाहिली नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2004 साली ते औषध बाजारातून गेलं, जर्मनीत 2009 साली त्याची परवानगी संपली आणि 2012 साली ब्रिटनच्या नियामकाने बटरबरची उत्पादनं मागे घ्यायला सांगितलं.

म्हणजे इथे धोके दोन आहेत. अल्कलॉइडचा धोका मात्रेवर चालतो आणि गाळून काढता येतो. दुसरा धोका हिपॅटायटिससारख्या इजेचा. तो थोड्याच लोकांना होतो, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि शुद्ध अर्कानेही तो टळला नाही. ‘पीए-फ्री’ हा शब्द फक्त पहिल्याबद्दल बोलतो.

त्यातही तो शब्द कोणी तपासला, हा प्रश्न राहतोच. ‘फ्री’ला अर्थ येतो तो आकड्याने. समजा, प्रमाणपत्रावर ‘0.08 पीपीएमपेक्षा कमी’ असं लिहिलंय, म्हणजे एका ग्रॅममध्ये 0.08 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. दिवसाला 150 मिलिग्रॅम अर्क घेतला तर पोटात जास्तीत जास्त 0.012 मायक्रोग्रॅम जातो. वनौषधींसाठी युरोपीय औषध संस्थेने अलीकडे धरलेली मर्यादा दिवसाला 1 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हा आकडा तिच्या खूप खाली आहे. आता समजा, कोणी 500 मिलिग्रॅम पावडरीच्या दोन कॅप्सूल रोज घेतो आणि त्या पावडरीत 10 पीपीएम अल्कलॉइड आहे. हिशेब सरळ: रोज 10 मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या दहापट. दोन्ही डब्यांवरची पानं-फुलं सारखीच दिसतात.

माझं मत विचाराल तर मायग्रेनसाठी बटरबर आज घेऊच नये. तेवढाच किंवा जास्त फायदा देणारी आणि धोका माहीत असलेली प्रतिबंधक औषधं असताना हा जुगार कशाला? तरीही कोणी घेणारच असेल, तर सुरू करण्याआधी एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज तपासून घ्यावं आणि ते रिपोर्ट जपून ठेवावेत. आधीचा आकडा हाताशी नसेल, तर नंतर वाढलेला एसजीपीटी जुन्या फॅटी लिव्हरचा की नव्या गोळीचा, हे कोणालाच ठरवता येत नाही.

आणि सुरू केल्यावर दर महिन्याला तपासणी केली, रिपोर्ट चांगला आला म्हणून अंगाकडे दुर्लक्ष करायचं नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या आठवड्यांतही इजा सुरू होऊ शकते. अन्नावरची वासना उडाली, विनाकारण थकवा आला, लघवी चहासारखी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळ्यांत पिवळेपणा आला किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर गोळी त्याच दिवशी बंद करायची आणि डॉक्टरांकडे बाटली घेऊन जायचं. रिपोर्ट येईपर्यंत ‘एवढी आजची घेतो’ असं म्हणणारे लोक असतात. ते का, हे मला अजून कळलेलं नाही.

समोरचा मोठा आकडा वाचून मागची बाजू न पाहणं

संशोधनात एखाद्या अर्काचा उपयोग दिसला आणि कुठल्यातरी दुसऱ्याच बाटलीने तो मिळेल असं धरलं, की गोंधळ सुरू. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 75 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा देऊन झटके सरासरी 48 टक्क्यांनी कमी झाले. पण औषधच नसलेल्या दिखाऊ गोळीनेही ते 26 टक्क्यांनी कमी झाले होते. 48 सांगणारे 26 सांगत नाहीत. त्या अर्कात पेटासिन या घटकाचं प्रमाण 15 टक्क्यांवर बांधलेलं होतं, म्हणजे 75 मिलिग्रॅममध्ये साधारण 11 मिलिग्रॅम पेटासिन.

बाजारात ‘बटरबर 400 मिलिग्रॅम’ पाहिलं की लोकांना हे पाचपट जोरदार वाटतं. मागची बाजू पाहा. तिथे ‘बटरबर मुळाची पावडर’ लिहिलं असेल आणि पेटासिनची टक्केवारी दिलीच नसेल, तर ते 400 मिलिग्रॅम कशाचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. याच्या उलट घोटाळाही होतो: परागज्वरासाठी बटरबरच्या पानांचा एक अर्क मिळतो, एका गोळीत 8 मिलिग्रॅम पेटासिन. आकडा जवळपास तोच म्हणून मायग्रेनवाले तो घेतात. तो झाडाच्या दुसऱ्या भागाचा, दुसऱ्या आजारासाठी तपासलेला अर्क आहे. मायग्रेनच्या चाचण्यांचं श्रेय त्याला देता येत नाही.

फिव्हरफ्यूमध्येही तीच कथा. त्यातला पार्थेनोलाइड हा घटक मोजला जातो आणि कॅनडात सुकलेल्या पानांत तो किमान 0.2 टक्के असावा असं मानलं जातं. हिशेब करा: 100 मिलिग्रॅम पानांत 0.2 मिलिग्रॅम. पण बाजारातल्या गोळ्या प्रयोगशाळेत मोजल्या, तेव्हा हे प्रमाण एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे कमालीचं बदलत असल्याचं दिसलं, काहींत तर ते जवळजवळ नव्हतंच. पार्थेनोलाइड साठवणीत झिजतो, त्यामुळे कारखान्यातून निघताना बरोबर असलेली बाटलीही उघडेपर्यंत हलकी होऊ शकते. बाटली ऊन आणि उष्णतेपासून लांब ठेवावी, आणि सवलतीत मिळते म्हणून मुदत संपत आलेली घेऊ नये.

शिवाय पार्थेनोलाइड बरोबर असलं म्हणजे काम झालं, असंही नाही. दारूत काढलेला, पार्थेनोलाइडचं प्रमाण नेमकं ठेवलेला एक अर्क 1996 मध्ये चाचणीत साफ अपयशी ठरला. पुढे कार्बन डायऑक्साइडने काढलेल्या दुसऱ्या अर्काने, 6.25 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देऊन, 2005 सालच्या चाचणीत महिन्याचे झटके सरासरी 1.9 ने कमी केले. दिखाऊ गोळीने 1.3 ने. फरक 0.6 झटक्यांचा, म्हणजे साधारण दोन महिन्यांत एक झटका कमी. एवढ्या फायद्यासाठी किती पैसे आणि किती गोळ्या, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण जाहिरातीतलं ‘मायग्रेनमुक्त’ यातून येत नाही.

2012 ची शिफारस नाचवणं

अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने 2012 मध्ये बटरबरला सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली होती, हे खरं. ती 2015 मध्ये लिव्हरच्या काळजीमुळे मागे घेतली, हेही खरं. विकणारे अर्धंच छापतात.

फिव्हरफ्यू दोन आठवड्यांत निकालात काढणं, किंवा एकदम बंद करणं

फिव्हरफ्यूचा लिव्हरवर परिणाम झाल्याचे पटण्यासारखे पुरावे नाहीत, त्या बाबतीत तो बटरबरपेक्षा बराच निरुपद्रवी आहे. पण अधीर माणसाला तो जमत नाही. पंधरा दिवसांत ‘काही होत नाही’ म्हणून डोस दुप्पट करणारे आणि महिनाभरात तिसरी बाटली बदलणारे, दोघेही शेवटी काहीच शिकत नाहीत. एक उत्पादन, एक डोस, तीन महिने, आणि वहीत रोजची नोंद: डोकं किती वेळ दुखलं, कोणती वेदनाशामक गोळी किती घेतली. झटका आल्यावर घ्यायच्या ट्रिप्टान गटाच्या गोळ्या महिन्यात 10 दिवस किंवा साध्या वेदनाशामक गोळ्या 15 दिवस झाल्या, तर दुखण्याला त्याच गोळ्या खतपाणी घालत असू शकतात, आणि मग कोणतीही वनस्पती हरणारच.

बंद करताना आठवड्याआठवड्याने कमी करा. 1985 सालच्या एका अभ्यासात वर्षानुवर्षं पानं खाणाऱ्यांना नकळत दिखाऊ गोळीवर आणलं, तेव्हा त्यांचे झटके वाढले. काहींना बंद केल्यावर अस्वस्थता, झोप न लागणं आणि सांधे आखडणंही होतं. त्याला ‘मायग्रेन परत आलं’ समजून माणूस पुन्हा सुरू करतो, आणि चक्र चालू राहतं.

ताजी पानं चावू नयेत, तोंड येतं आणि जीभ सोलवटते.

गरोदर असाल किंवा होण्याचा विचार असेल, तर दोन्ही वर्ज्य. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया असेल, तर फिव्हरफ्यूची माहिती सर्जनला आधी द्यावी. शेवंती किंवा रॅगवीड या तणाची ॲलर्जी असणाऱ्यांनी दोन्हीपासून दूर राहावं, कुळ एकच आहे. मायग्रेनसाठी व्हॅलप्रोएट चालू असताना त्यावर बटरबर चढवू नये, दोन्हींचा भार लिव्हरवरच पडतो. आणि डॉक्टरांनी ‘कोणती औषधं घेता?’ विचारल्यावर ‘काही नाही, फक्त एक हर्बल’ असं सांगू नका. त्या ‘फक्त’च्या बाटलीचा मागचा लेबल, बॅच नंबरसकट, फोनमध्ये फोटो काढून ठेवा.