ज्येष्ठांसाठी शेजाऱ्यांचा मदत गट: नाव, वर्णन आणि नियम ठरवताना या चुका टाळा

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना औषधे आणून देणे, दवाखान्यात सोबत जाणे, बँकेच्या कामाला हातभार लावणे, अशा हेतूने चार-पाच शेजारी एकत्र येतात, त्याच बैठकीत व्हॉट्सॲपवर गट उघडतात आणि त्याला त्या क्षणी सुचेल ते नाव देऊन मोकळे होतात. पुढच्या कितीतरी अडचणींचे मूळ या घाईत असते.

'आपुलकी' किंवा 'एक हात मदतीचा' ही नावे कानाला गोड लागतात, परंतु गट कोणाचा आणि कशासाठी, हे त्यांवरून कळत नाही. 'आधार' हे नाव तर हमखास घोळ घालते. 'आधार गटासाठी तुमचा नंबर द्या' असा निरोप गेला की आजोबांना आधार कार्ड आठवते, आणि फसवणुकीच्या बातम्या वाचणारी त्यांची मुलगी नंबर देऊ नका म्हणून बजावते, तेही योग्यच. याच्या उलट चूक म्हणजे 'श्री गजानन चौक परिसर ज्येष्ठ नागरिक सेवा व मदत समिती' असे लांबलचक नाव. मोबाइलच्या यादीत त्याची फक्त सुरुवात दिसते, त्यामुळे गट देवळाचा, सोसायटीचा की निवडणुकीचा, हे उघडून पाहिल्याशिवाय समजत नाही. काम आधी आणि जागा नंतर, म्हणजे 'ज्येष्ठ मदत – गजानन चौक' असे नाव ठेवले की प्रश्न मिटतो. शिवाय नोंदणी झालेली नसताना 'प्रतिष्ठान' किंवा 'संस्था' असे शब्द लावले, तर लोक पावती आणि नोंदणी क्रमांक मागणारच.

वर्णनात बहुतेक जण सेवाभावाविषयी दोन ओळी लिहितात आणि हद्द सांगायचे राहून जाते. गटात नळाचे पाणी, भटकी कुत्री आणि भाड्याच्या खोल्या यांविषयी विचारणा येऊ लागली, तर दोष लोकांचा नसून वर्णनाचा आहे, असे समजावे. पुढील मजकूर पुरेसा आहे: 'गजानन चौक ते शाळेची भिंत या भागातील ६० वर्षांवरील रहिवाशांसाठी. औषधे आणणे, दवाखान्यात सोबत, बँक व टपालाची कामे. सकाळी ८ ते रात्री ८. रात्रीची सोबत, शुश्रूषा आणि उसने पैसे या गटातून मिळणार नाहीत. तातडीच्या वेळी इथे लिहीत बसू नका; रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटात ११२ लावा.' शेवटचे वाक्य कधीही गाळू नये, कारण छातीत दुखत असताना गटात संदेश टाकून उत्तराची वाट पाहणारे लोक खरोखरच असतात.

नियमांची खरी कसोटी प्रत्यक्ष कामात लागते. समजा, जोशी काकूंनी लिहिले, 'रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत, कोणी आणेल का?' त्यावर तिघांनी अंगठा दाखवला. दुसरा आणेल असे प्रत्येकाला वाटले आणि संध्याकाळपर्यंत कोणीच गेले नाही. किंवा दोघे गेले आणि दोन पाकिटे आली. 'सर्वांनी सहकार्य करावे' हा नियम इथे निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी नियम असा हवा: एका कामासाठी एकच संदेश, त्यात इमारत, काम आणि वेळ, जो काम घेईल त्याने त्याच संदेशाला उत्तर देऊन 'मी घेतो' किंवा 'मी घेते' लिहावे आणि काम संपल्यावर 'झाले' लिहावे. अंगठा म्हणजे होकार नव्हे, हेही स्पष्ट लिहावे.

ज्येष्ठ मंडळी गटात न लिहिता ॲडमिनलाच फोन करू लागली, तर बहुधा त्यांना आपले दुखणे चारचौघांत सांगायचे नसते. म्हणून आजाराचे नाव, तपासणीचे अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी गटात न टाकता काम घेणाऱ्यालाच पाठवावी, असा दुसरा नियम करावा. तिसरा पैशांचा: बिल दाखवून तेवढीच रक्कम त्याच दिवशी घ्यावी आणि गटात वर्गणी मागू नये. सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर गणेश मंडळांप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, आणि औषधे आणण्यापुरत्या गटाने त्या फंदात पडू नये.

सुप्रभात आणि राजकारण यांवरची बंदी बहुतेक गटांत असतेच. ती मोडल्यावर काय होईल, हे मात्र लिहिलेले नसते. पहिल्या वेळी संदेश काढणे, दुसऱ्या वेळी खासगीत सांगणे, तिसऱ्या वेळी गटाबाहेर, एवढे ठरवून हे कोणते दोन ॲडमिन करतील त्यांची नावे वर्णनात लिहावीत. एका सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशाबद्दल ॲडमिनला केवळ त्या नात्याने जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरी संदेश तसाच ठेवला तर ज्येष्ठ मंडळी गट बघणे सोडून देतात.

नियम केवळ संदेश म्हणून टाकले तर दोन दिवसांत वर सरकून दिसेनासे होतात, म्हणून ते वर्णनातच ठेवावेत. नव्या गटाचे नाव आणि वर्णन बदलण्याची मुभा साधारणपणे सगळ्याच सदस्यांना असते. ती सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी ॲडमिनपुरती करावी, नाहीतर एखाद्या सणाला गटाचे नावच 'शुभ दीपावली' होऊन बसते आणि काकूंना गोळ्या मागायला गट सापडत नाही.