नोकरी सोडून गेलेल्यांची नावं ग्रुप आरोग्य विमा पॉलिसीतून काढताय? या चुका टाळा

विमा ब्रोकरच्या ऑफिसात एन्डॉर्समेंटच्या, म्हणजे पॉलिसीतल्या बदलांच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. एचआरकडून येणाऱ्या डिलीशनच्या याद्या तपासायच्या, विमा कंपनीकडे पाठवायच्या आणि परत आलेला हिशोब जुळवायचा, हे रोजचं काम. चुका मात्र दर महिन्याला त्याच असतात, फक्त पाठवणाऱ्याचं नाव बदलतं. नव्या मुलांना वाटतं की हे पाच मिनिटांचं काम आहे: एक्सेलला फिल्टर लावला, सोडून गेलेल्यांची नावं कॉपी केली, ‘कृपया ही नावं कमी करून प्रीमियमचा परतावा द्यावा’ असा मेल टाकला की झालं. त्या पाच मिनिटांत झालेला घोळ निस्तरायला मग तीन-तीन आठवडे जातात.

राजीनाम्याची तारीख म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख नव्हे

यादीतल्या सगळ्या रकान्यांमध्ये मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती `Date of Leaving` या रकान्याची. तिथे कामाचा शेवटचा दिवस यायला हवा. पण बऱ्याच एचआर सॉफ्टवेअरमधून यादी काढली की तिथे राजीनामा दिल्याची तारीख येऊन बसते, आणि पाठवणारा ती न बघताच पुढे ढकलतो. मधला नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा असू शकतो. त्या काळात माणूस कामावर असतो, पगार घेत असतो, आणि पॉलिसीच्या अटींप्रमाणे त्याचं संरक्षणही चालू असायला हवं.

एका कंपनीची अशीच अकरा नावांची यादी माझ्याकडे आली होती. त्यातल्या एका कर्मचाऱ्याने ५ जूनला राजीनामा दिला होता. दोन महिन्यांची नोटीस धरून त्याचा शेवटचा दिवस ४ ऑगस्ट होता. यादी आली जुलैच्या मध्यावर, तारखेच्या रकान्यात ५ जून. विमा कंपनीने ६ जूनपासून त्याचं नाव काढलं, सोबत बायको आणि मुलाचंही, आणि परताव्याची क्रेडिट नोट पाठवली. एचआरला आनंद झाला, कारण परतावा अपेक्षेपेक्षा जास्त होता. खरं तर तिथेच कोणाला तरी शंका यायला हवी होती.

२२ जुलैला त्याच्या बायकोला पित्ताशयातल्या खड्यांमुळे असह्य दुखायला लागलं आणि रात्री दवाखान्यात दाखल करावं लागलं. कॅशलेसच्या खिडकीवर कार्ड दाखवलं, तर स्क्रीनवर आलं की सदस्य सक्रिय नाही. नवरा सांगत होता की मी अजून नोकरीत आहे, आज दिवसभर ऑफिसातच होतो. खिडकीमागच्या माणसाला जे दिसत होतं तेच तो सांगत होता. शेवटी त्यांनी स्वतःच्या खिशातून अनामत भरली आणि ऑपरेशन झालं.

सकाळी तो फोन मलाच आला. चूक दुरुस्त करायला नाव पुन्हा चढवावं लागणार होतं, आणि नेमकं हेच विमा कंपनीला सगळ्यात संशयास्पद वाटतं. दवाखान्यात भरती झाल्यावर कोणी म्हणालं की ‘याचं नाव मागच्या तारखेपासून परत घाला’, तर त्यांना वाटणारच की आजारी पडल्यावर विमा मागताहेत. त्यांना दोष देता येत नाही. मग राजीनामा स्वीकारल्याचं पत्र (त्यात शेवटचा दिवस लिहिलेला होता), जून महिन्याची पगार-पावती, जुलैची हजेरी आणि तारीख चुकल्याचं कंपनीचं लेखी पत्र, हे सगळं गोळा करून पाठवलं. परताव्याची रक्कमही परत करावी लागली. नाव पुन्हा चढायला १९ दिवस लागले आणि त्यानंतर त्या कुटुंबाने रिइम्बर्समेंटचा दावा केला. ते १९ दिवस त्या माणसाने कसे काढले असतील, हे मी अजून विसरलेलो नाही. उरलेल्या दहा नावांपैकी आणखी सहा जणांची तारीख तशीच चुकलेली निघाली. ते आजारी पडले नाहीत, म्हणून कोणाला कळलं नव्हतं इतकंच.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, ती आजही मोडत नाही. यादी आली की तारखेच्या रकान्याशेजारी मी ‘शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा’ असा वेगळा रकाना मागतो. दोन्ही जुळले नाहीत, तर ते नाव पुढे जात नाही. आणि मेल पाठवायच्या दिवसानंतरची तारीख यादीत असेल, तर ते नाव मी बाजूला ठेवतो. माणूस अजून गेलेला नाही, मग त्याला आत्ताच काढायची घाई कशाला? काही जण नोटीस पिरियडमध्ये राजीनामा मागेही घेतात.

‘वर्षअखेर एकदम पाठवू’

याच्या बरोब्बर उलटी चूक म्हणजे महिनोन् महिने काहीच न पाठवणं. प्रो-राटा म्हणजे उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत. पण उरलेले दिवस कुठून मोजायचे, हे पॉलिसी ठरवते. काही पॉलिसी शेवटच्या दिवसापासून मोजतात, पण कळवायला मुदत देतात. काही फक्त कळवल्याच्या तारखेपासून मोजतात. ही ओळ पॉलिसीच्या ‘सदस्य कमी करणे’ या कलमात असते. ती वाचल्याशिवाय परताव्याचा आकडा कोणालाही सांगू नका.

हिशोब करून बघू. पॉलिसी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी ३६५ दिवसांची आहे. एका कुटुंबाचा वर्षाचा प्रीमियम कर सोडून १४,६०० धरू, म्हणजे दिवसाला ४०. कर्मचाऱ्याचा शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट. त्या रात्री १२ वाजेपर्यंत संरक्षण चालू, परतावा १ सप्टेंबरपासून. सप्टेंबर ते डिसेंबर मिळून १२२ दिवस उरतात, म्हणजे ४,८८० परत यायला हवेत.

आता एचआरने कळवलं २० ऑक्टोबरला. पॉलिसीत मागे जायची मुदत ३० दिवसांची असेल, तर नाव २० सप्टेंबरपासून कमी होईल. त्या दिवसासकट १०३ दिवस उरतात, परतावा ४,१२०. आणि पॉलिसी कळवल्याच्या दिवसापासूनच मोजणारी असेल तर उरतात ७३ दिवस, परतावा २,९२०. सुमारे दोन हजार एका माणसामागे गेले. दर महिन्याला माणसं येत-जात असलेल्या कंपनीत ही गळती वर्षभर चालू राहते आणि कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण परतावा ‘मिळतोय’ म्हणून सगळे खूश असतात.

मी एचआरला सांगतो की पगाराची यादी बंद होते त्याच्या दुसऱ्या दिवशी डिलीशनची यादी पाठवा, एकच नाव असलं तरी. पगाराच्या यादीतून गळालेला माणूस हाच तुमचा खात्रीचा आधार आहे.

दावा झालेला आहे का, हे न विचारणं

बऱ्याच ग्रुप पॉलिसींमध्ये अट असते की कर्मचाऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या कोणाचा दावा झाला असेल, तर त्या कुटुंबाचा परतावा मिळणार नाही. नाव कमी होईल, पैसे येणार नाहीत. हे माहीत नसलेली मंडळी सगळ्यांचा पूर्ण परतावा गृहीत धरून हिशोबखात्याला आकडा देऊन बसतात.

पण खरी अडचण होते ती अजून न आलेल्या दाव्यांची. समजा वरच्या हिशोबातला कर्मचारी १० ऑगस्टला दवाखान्यात होता, बिल स्वतः भरलं आणि कागदपत्रं जमवतोय. ३१ ऑगस्टला तो गेला. सप्टेंबरमध्ये तुम्ही ‘दावा नाही’ असं लिहून परतावा घेतला. ऑक्टोबरमध्ये त्याचा दावा आला. दवाखान्यात असताना तो सदस्य होता, तेव्हा दाव्यावर त्याचा हक्क आहे. पण ‘दावा नाही’ हे तुम्हीच लिहून दिलंय. मग विमा कंपनी खुलासा मागते, परतावा उलटवते, आणि तोवर त्याची फाईल अडकून राहते. नोकरी सोडलेल्या माणसाचा फोन उचलायला एचआरमध्ये कोणी उरलेलं नसतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

म्हणून निघतानाच्या मुलाखतीत एकच साधा प्रश्न विचारा: तुम्ही किंवा घरचं कोणी यंदा दवाखान्यात होतं का, आणि त्याचे कागद द्यायचे राहिलेत का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या नावापुढे तसं लिहून पाठवा. नाव काढायला सहसा अडचण नसते, फक्त परताव्याचा आकडा धरू नका. आणि त्याला त्याच्या संरक्षणाचा शेवटचा दिवस लेखी द्या. काही विमा कंपन्या ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय देतात आणि तिला मुदत असते. ज्याच्या घरी मधुमेहाचे आई-वडील आहेत, त्याला ही मुदत हुकली तर फार महागात पडतं.

बाकीच्या, थोडक्यात

नावावरून माणूस शोधू नका, कर्मचारी क्रमांक आणि सदस्य क्रमांक दोन्ही द्या. एकाच आडनावाच्या दोघांपैकी चुकीचा माणूस बाहेर गेलेला मी पाहिलाय.

कर्मचाऱ्याचं नाव काढलं म्हणजे कुटुंबाचं आपोआप निघेलच असं समजू नका. यादीत प्रत्येक आश्रिताची ओळ द्या.

गेलेल्याच्या जागी नवीन आलेल्याचं नाव ‘बदलून’ मागू नका. एक डिलीशन, एक ॲडिशन, दोन्हींचा हिशोब वेगळा.

परतावा बँकेत शोधत बसू नका. बहुतेक वेळा तो विमा कंपनीकडच्या तुमच्या डिपॉझिट खात्यात जमा होतो आणि पुढच्या नव्या नावांच्या प्रीमियममध्ये वळता होतो. कराची रक्कम क्रेडिट नोटवर वेगळी दाखवलेली आहे ना, ते हिशोबखात्याला बघायला सांगा.

एन्डॉर्समेंट आली की फाईल बंद करू नका

विमा कंपनीचं उत्तर आलं की मी तीन गोष्टी शेजारी शेजारी उघडतो: आपण पाठवलेली यादी, एन्डॉर्समेंटसोबत आलेली यादी आणि त्या दिवशीची सक्रिय सदस्यांची यादी. पंधरा नावं पाठवलेली असतात आणि एन्डॉर्समेंटमध्ये तेरा येतात. राहिलेल्या दोघांबद्दल मेलमध्ये अक्षरही नसतं. एकाचा सदस्य क्रमांक जुळलेला नसतो, दुसऱ्याचा दावा प्रलंबित असतो. त्याच दिवशी विचारलं तर सदस्य क्रमांक दुरुस्त होतो आणि मूळ मेलची तारीखच धरली जावी असा आग्रह धरता येतो. दोन महिन्यांनी विचारलं, तर तुमचं पत्र नवीन समजलं जातं आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.