भर उन्हातल्या चौक-ड्युटीसाठी बुटात सुकतळा कसा बसवावा

नागपुरात मे महिन्यात दुपारी डांबराला हात लावता येत नाही, आणि आम्ही ट्रॅफिकवाले त्यावर तासन् तास उभे असतो. महागडा बूट घेण्यापेक्षा आतला सुकतळा नीट बसवा, फरक त्यानेच पडतो.

बूट संध्याकाळी ड्युटीवरून येताना, मोजे घालूनच घ्या, कारण तेव्हा पाय फुगलेला असतो. एक नंबर मोठा घ्या. तळ जाड रबराचा हवा आणि टाचेत खिळे नकोत, खिळा डांबराची आच थेट आत आणतो. बुटातला मूळ पातळ सुकतळा निघत असेल तर काढून टाका.

आता थर. इथे मी दोन उन्हाळे चुकलो. पहिल्यांदा गादीचा मऊ फोम बोटभर जाड घातला. पहिल्या दिवशी छान वाटलं, पण आठवड्यात टाचेखाली तो पापडासारखा झाला. उष्णता अडवते ती फोममध्ये कोंडलेली हवा; फोम दबला की हवाही गेली आणि गादीही गेली. शिवाय जाडीमुळे टाच बुटातून वर उचलली जायची, बोटं पुढे घासायची. अंगठ्याचं नख काळं पडलं.

म्हणून खाली, तळाला लागून, ३ मिलिमीटरचा कॉर्क घाला. तो आच अडवतो आणि तापला तरी दबून चपटा होत नाही. त्यावर ४ मिलिमीटरचा घट्ट ईव्हीए फोम. हा क्रम उलटा करू नका. ईव्हीए गरम तळाला लागला की नरम पडतो आणि वजनाखाली कायमचा चपटा होतो. दोन्ही मिळून ७ मिलिमीटरच्या वर जाऊ नका. जागा कमी पडली तर पंजाखालचा फोम कमी करा, कॉर्कला हात लावू नका.

फोम विकत घेताना अंगठ्याने जोरात दाबा. खळगा लगेच भरून आला तरच घ्या.

जेलचा सुकतळा घेऊ नका, जेल उष्णता धरून ठेवतं. चांदीचा कागद घालायचा सल्लाही ऐकू नका. त्याच्यापुढे मोकळी हवा असेल तरच तो उष्णता परतवतो. पायाखाली दाबला गेला की निरुपयोगी.

थर बुटाला चिकटवू नका, नुसते बसवा. घामाने ओला झालेला थर आच अडवत नाही, त्यामुळे जोडीला दुसरा संच ठेवा आणि जेवणाच्या सुटीत मोज्यांसकट बदला. ओला संच सावलीत वाळवा.

इतकं करूनही बूट आतून तापतोच, फक्त उशिरा. झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा काळ्या डांबरापेक्षा कमी तापतो. वाहनांची वर्दळ सांभाळून जमेल तेव्हा त्यावर उभे राहा. आठवड्यातून एकदा ईव्हीए बाहेर काढून बघा. रात्रभर मोकळा ठेवूनही सकाळी टाचेचा ठसा तसाच दिसला, तर तो फेकून नवा कापा. कॉर्क मात्र तुकडे पडेपर्यंत चालतो.