‘ती’ म्हणजे कोण?

लोकसेवा आयोगाच्या संयुक्त मुख्य परीक्षेची तयारी करताना मराठीचं मला अजिबात टेन्शन नव्हतं. कागल तालुक्यातलं गाव, घरीदारी मराठी, दहावीला मराठीत चांगले मार्क. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बसून जुन्या पेपरमधले ‘वाक्ये योग्य क्रमाने लावा’ आणि ‘शुद्ध वाक्य ओळखा’ सोडवायला लागले, तर दहातले पाच-सहाच बरोबर यायचे. मग उत्तर बघायचं, “हां, असंय होय” म्हणायचं आणि पुढच्या प्रश्नावर जायचं. असे तीन महिने घालवले. सोडवलेली उदाहरणं वाचून संपली, मार्क तिथंच.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका सीनियर दादांनी वही मागितली, चाळली आणि म्हणाले, “ह्यात नुसती उत्तरं आहेत. बाकीचे तीन पर्याय का मेले, ते कुठाय?” तेव्हापासून पद्धत बदलली. पुस्तकातलं स्पष्टीकरण कागदाने झाकायचं, प्रश्न स्वतः सोडवायचा, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे एका ओळीत लिहायचं की तो नेमका कुठल्या शब्दावर मेला. दिवसाला पाचच प्रश्न व्हायचे. पण सराव ह्यालाच म्हणतात, हे मला उशिरा कळलं.

वाक्यक्रमाचा एक प्रश्न दाखवते. जुन्या पेपरच्या धर्तीवर मीच तयार केलेला आहे, आमच्याकडच्या गुऱ्हाळावर.

(अ) त्याने ती घट्ट होऊन वर तरंगते आणि झाऱ्याने काढून टाकली की खाली निवळ रस दिसू लागतो.
(ब) उसाचा रस काहिलीत उकळायला लागला की त्यावर काळपट मळी येते.
(क) हाच पुढे आटून पाक झाला की वाफ्यात ओततात.
(ड) पण मळी आपसूक सगळी सुटत नाही, म्हणून रसात भेंडीचे पाणी घालतात.

पर्याय: १) ब-अ-ड-क २) ब-ड-अ-क ३) ड-ब-अ-क ४) ब-ड-क-अ

तिसरा पर्याय लगेच जातो, कारण ‘पण’ने परिच्छेद सुरू होत नाही, आधी काहीतरी म्हटलेलं असावं लागतं. खरी फसगत पहिल्या पर्यायात आहे. ‘ब’च्या शेवटी मळी आली, ‘अ’मध्ये ‘ती’ आहे, मळी स्त्रीलिंगी, जोड बसली! मी अशाच जोडीवर कितीतरी प्रश्न घालवले. ‘अ’ला आधीच्या वाक्यात अडकणारे दोन आकडे आहेत, ‘त्याने’ आणि ‘ती’. ‘ती’ अडकली म्हणून मी खूश व्हायचे, ‘त्याने’कडे बघायचेच नाही. कशाने घट्ट होते? ‘ब’मध्ये घट्ट करणारं काहीच नाही. ते ‘ड’मध्ये आहे, भेंडीचं पाणी. म्हणजे ‘अ’ हा ‘ड’च्याच नंतर हवा. चौथ्या पर्यायात पाक वाफ्यात ओतून झाल्यावर मळी काढायला निघालोय, तोही गेला. आणि ‘क’मधला ‘हाच’ पुल्लिंगी आहे, ‘अ’च्या शेवटी आलेल्या ‘रस’ला तो सरळ धरतो. उत्तर दुसरं.

यातून वहीत पहिली ओळ लिहिली: वाक्यातला प्रत्येक आकडा अडकला पाहिजे, एक अडकून चालत नाही.

मराठीत लिंगाची ही सोय मोठी आहे. चार वाक्यांत ‘रस’, ‘मळी’, ‘पाणी’ अशी तीन लिंगं असली की ‘तो-ती-ते’ बघूनच अर्धं काम होतं. पण ती सगळीकडे चालत नाही. ‘त्याने’, ‘त्याचा’, ‘त्यात’ ही रूपं पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी सारखीच, तिथे अर्थच बघावा लागतो. ‘त्यांचा’मध्ये तर तिन्ही लिंगं एक झालेली असतात. ‘ती’ म्हणजे एक बाई, तशीच ‘ती मुले’सुद्धा. क्रियापद एकवचनी आहे की अनेकवचनी ते बघितल्याशिवाय ‘ती’वर विश्वास ठेवू नये.

एक गंमत सांगते. हा प्रश्न आईला वाचून दाखवला. तिने पर्याय न ऐकताच क्रम सांगितला, कारण गुऱ्हाळ तिने जन्मभर बघितलंय. म्हणून सराव ओळखीच्या विषयावर करू नका. तिथे माहितीच उत्तर देते, आकडे शोधायची सवय लागत नाही. मी मुद्दाम खगोल आणि बँकिंगवरचे उतारे घ्यायचे.

शुद्ध वाक्याचं प्रकरण वेगळं. तिथे माझा कान मला दगा द्यायचा. आमच्या कोल्हापूरकडे मुलीसुद्धा “मी आलो”, “मी जातो” म्हणतात, आणि सीमाभागाकडे “मी काम केलो” सर्रास चालतं. बोलायला गोडच आहे, मी अजून बोलते. पण पेपरात ‘मी काम केले’ हवं, कारण तिथे क्रियापद ‘मी’च्या नाही, ‘काम’च्या मागून जातं. म्हणून ‘कानाला बरं वाटतं’ हे कारण मी वहीत लिहायचंच बंद केलं. “त्याने मुलींना बोलावल्या” हे वाक्य मला दोनदा बरोबर वाटलं होतं. ‘मुली’ला ‘ना’ लागला की क्रियापदाचा तिच्याशी संबंध तुटतो आणि ते ‘बोलावले’ असं तटस्थ राहतं. हे समजल्यावर असे प्रश्न क्रियापदापासून उलटे वाचायला लागले: क्रियापद कुठल्या शब्दाचं ऐकतंय, आणि त्या शब्दाला प्रत्यय लागलाय का?

लेखननियमांच्या प्रश्नात पर्याय आडवे न वाचता उभे वाचावेत.

१) आम्ही पूलावरून नदीचे पाणी पाहिले.
२) आम्ही पुलावरून नदीचे पाणी पाहीले.
३) आम्ही पुलावरून नदिचे पाणी पाहिले.
४) आम्ही पुलावरून नदीचे पाणी पाहिले.

एकेका पर्यायात बहुतेक वेळा एकच शब्द बिघडवलेला असतो. पूला, पुला, पुला असं वरून खाली बघितलं की वेगळा पडलेला लगेच दिसतो. मग नियम आठवायचा: ‘पूल’ दीर्घ, पण प्रत्यय लागताना ‘पुला-’ ऱ्हस्व, तसंच गूळ-गुळाचा, मूल-मुलाला. ‘शरीर’ मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ‘शरीराला’ दीर्घच. ‘नदी’चा शेवटचा दीर्घ प्रत्ययापुढेही टिकतो. हे नियम एकूण अठराच आहेत, 1962 साली चौदा आणि 1972 साली चार वाढवलेले. ते एकदा बसून लिहून काढले की पुढे प्रत्येक सोडवलेल्या उदाहरणापुढे ‘कुठला नियम’ एवढंच टिपायचं.

आता माझी मोठी चूक. मी सेकंडहँड घेतलेल्या एका प्रश्नसंचात काही उत्तरं चक्क चुकीची छापली होती. ‘बोलावल्या’ तिथेच बरोबर दिलं होतं! मी त्यातून उलटे नियम पाठ करत बसले. आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, हरकती येतात, मग अंतिम तालिका लागते. त्यात उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. जुना पेपर काढताना त्याच्याबरोबर अंतिम तालिकाच काढा. छापील स्पष्टीकरण आणि तालिका भांडत असतील तर तालिका धरा, आणि रद्द झालेल्या प्रश्नावर वेळ घालवू नका.

ती वही अजून आहे. शेवटच्या महिन्यात नवीन प्रश्न सोडवलेच नाहीत, फक्त ‘का मेला’ची ओळ झाकून जुनेच पर्याय पुन्हा मारून बघितले. जिथे दुसऱ्यांदाही कारण सांगता आलं नाही, तिथे लाल टिंब. परीक्षेच्या आदल्या रात्री लाल टिंबं अकरा होती. त्यातली सात ‘त्याने’ आणि ‘त्यात’वरची.